मोटर सुरू झाली की डिस्प्लेवर चिनी अक्षरं

निफाडजवळ मामांची द्राक्षबाग आहे. गेल्या ऑक्टोबरमध्ये, गोडी छाटणीच्या आधी, मी त्यांना ठिबकसाठी एक छोटा कंट्रोलर करून दिला. विहिरीवरची मोटर ठरलेल्या वेळी सुरू करायची, चार व्हॉल्व्ह पाळीपाळीने उघडायचे आणि काय चाललंय ते सोळा बाय दोनच्या एलसीडीवर दाखवायचं, एवढंच काम. आत एटमेगा ३२८पी हा मायक्रोकंट्रोलर, एक रिले, रिलेच्या पुढे मोटरच्या स्टार्टरचा कॉन्टॅक्टर. नाशिकला घरी टेबलावर आठ दिवस तो बिनतक्रार चालला. बागेत लावल्यावर तिसऱ्याच दिवशी मामांचा फोन आला.

"अरे, तुझ्या त्या डब्यावर चिनी अक्षरं आलीत. मोटर चालू आहे, पाणी येतंय, पण वाचता काहीच येत नाही."

"मामा, मेन स्विच बंद करून परत चालू करा."

"केला. आता नीट आहे."

दुसऱ्या दिवशी परत तेच. कधी चिनी अक्षरं, कधी डिस्प्ले अगदी कोरा, तर कधी जुनाच मजकूर तसाच राहिलेला. मामांनी मात्र एक गोष्ट नेमकी टिपली होती, आणि पुढचा सगळा शोध तिच्यामुळेच लागला. बिघाड नेहमी मोटर सुरू होतानाच व्हायचा. बंद होताना कधीच नाही. दहा वेळा मोटर सुरू झाली तर चार-पाच वेळा.

आधी मला वाटलं वायर सैल असेल. शनिवारी बागेत गेलो, सगळे सोल्डर तपासले, डिस्प्लेची केबल आखूड केली. फरक पडला नाही. मग पाच व्होल्टच्या लाइनवर मीटर लावून मोटर सुरू केली. मीटर संथ असतो, त्याला अशी क्षणिक घसरण पकडता येत नाही, पण बोर्डवरचा एलईडी त्या क्षणी डोळा मिचकावल्यासारखा विझून पेटला. तो एलईडी प्रोग्राम सुरू होताना एकदाच पेटतो. म्हणजे मोटरच्या झटक्याने मायक्रोकंट्रोलर रीसेट होत होता. ब्राउनआउटची मर्यादा मी ४.३ व्होल्टवर ठेवली होती, त्यामुळे पुरवठा त्याखाली घसरला की चिप स्वतःला रीसेट करून नव्याने सुरू व्हायची. हे तिने करायलाच हवं. वेळेचा हिशोब मी वीज गेली तरी न पुसणाऱ्या ईईप्रॉम मेमरीत ठेवत असल्याने पाणी देण्याचं काम पुढे नीट चालू राहायचं. मग डिस्प्लेच का बिघडतो? रीसेटनंतर तोही नव्याने सुरू करायचा कोड पहिल्याच ओळीत होता.

उत्तर असं होतं की डिस्प्ले रीसेट होतच नव्हता. या डिस्प्लेच्या मागे एचडी४४७८० किंवा त्याच्या बरहुकूम चालणारी चिप असते. तिला रीसेटची वेगळी पिनच नाही. ती स्वतःहून रीसेट होते ती फक्त वीज आल्यावर, आणि तेही पुरवठा आधी ०.२ व्होल्टच्या खाली जाऊन मग ०.१ ते १० मिलिसेकंदांत ४.५ व्होल्टपर्यंत चढला तरच. माझ्याकडे पुरवठा पाचवरून चारच्या आसपास येऊन परत पाचवर जात होता. मायक्रोकंट्रोलर त्यात नवा जन्म घेऊन उठायचा, आणि डिस्प्ले मात्र जिथे थांबला होता तिथेच उभा.

आता हा "जिथे थांबला होता" म्हणजे नेमकं कुठे, ते चार बिटांच्या पद्धतीत फार महत्त्वाचं आहे.

पिना वाचवायला मी डिस्प्लेच्या आठ डेटा लाइनींपैकी डी४ ते डी७ एवढ्याच जोडल्या होत्या. डी० ते डी३ मोकळ्या, आणि आरडब्ल्यू पिन थेट ग्राउंडला. अशा जोडणीत प्रत्येक बाइट दोन तुकड्यांत जातो. आधी वरचे चार बिट, इनेबल पिनवर एक पल्स, मग खालचे चार बिट, पुन्हा एक पल्स. या चार बिटांच्या तुकड्याला निबल म्हणतात. डिस्प्लेच्या आत एक साधी आठवण असते, आत्ता आलेला निबल पहिला की दुसरा. बाहेरून ती आठवण पुसायची एकही वायर नाही. दोन निबलच्या मधोमध मायक्रोकंट्रोलर रीसेट झाला, तर डिस्प्ले दुसऱ्या अर्ध्याची वाट पाहत बसतो. नव्याने सुरू झालेला प्रोग्राम मात्र पहिला अर्धा पाठवतो, आणि तिथून पुढे प्रत्येक जोडी एका निबलने घसरते.

हे खरंच होतं का, ते घरी टेबलावर मुद्दाम करून पाहिलं. डिस्प्ले नीट सुरू केला, आणि `PUMP ON` लिहायच्या आधी, येतंय ते अक्षर की कमांड हे सांगणारी आरएस पिन हाय ठेवून फक्त एक जास्तीचा निबल पाठवला, `4`. मग नेहमीसारखी ओळ पाठवली. `PUMP ON` चे बाइट आहेत `50 55 4D 50 20 4F 4E`. पुढे तो एक `4` लागल्यावर डिस्प्लेने त्यांच्या जोड्या अशा लावल्या:

```
45 05 54 D5 02 04 F4 E_
```

पडद्यावर अगदी हेच आलं. `45` म्हणजे E. `05` म्हणजे आपण स्वतः आकार भरायच्या जागांपैकी एक, तिथे मी काहीच भरलं नव्हतं म्हणून नुसते विखुरलेले ठिपके. `54` म्हणजे T. `D5` या जागी माझ्या डिस्प्लेच्या रॉममध्ये जपानी काताकाना लिपीतला 'यू' आहे. मग ठिपक्यांची आणखी दोन घरं, आणि शेवटी `F4`, म्हणजे ओहमचं चिन्ह. मामांची चिनी अक्षरं ती हीच. खरं तर जपानी, पण बागेतून फोन करणाऱ्या माणसाने त्याहून अचूक वर्णन काय करायचं. अशी विचित्र पण दर वेळी सारखीच दिसणारी अक्षरं आली, की कागदावर हेक्स मांडून एक घर सरकवून पाहावं. जुळलं तर वायरिंग निर्दोष आहे आणि निबल घसरलाय. जुळलं नाही आणि दर वेळी वेगळंच येत असेल, तर सैल वायर किंवा अपुरा डिले शोधावा.

पण मुख्य प्रश्न बाकी होता. रीसेटनंतर माझा सुरुवातीचा कोड ही घसरण का दुरुस्त करत नव्हता? तो कोड बऱ्याच जणांच्या प्रोजेक्टमध्ये दिसतो तसा होता. थोडा थांबा, मग `0x02`, `0x28`, `0x0C`, `0x06`, `0x01`, प्रत्येक कमांड दोन निबलमध्ये, आणि दर निबलनंतर २ मिलिसेकंद थांबायचं. वीज नव्याने आली असेल तर हे चालतं. तेव्हा डिस्प्ले आठ बिटांच्या पद्धतीत असतो, `0x02` चा पहिला निबल त्याला एक पूर्ण पण निरुपद्रवी कमांड वाटतो, आणि दुसरा निबल `2` त्याला चार बिटांवर आणतो. डिस्प्ले आधीच चार बिटांवर असून जोडी जुळलेली असेल तरी चालतं, कारण `0x02` म्हणजे कर्सर घरी आणणं. फक्त तिसऱ्या स्थितीत, अर्धा बाइट लटकलेला असताना, सगळं फसतं.

तेही करून पाहिलं. पडद्यावर दोन्ही ओळी लिहिल्या, आरएस खाली घेऊन एक एकटा निबल `0` पाठवला आणि लगेच हाच कोड चालवला. निबल जातात `0 2 2 8 0 C 0 6 0 1`. आधीचा लटकलेला `0` धरून डिस्प्ले वाचतो:

```
00  22  80  C0  60  1_
```

`00` ला काही अर्थ नाही. `22` म्हणजे चार बिट, पण ओळ एकच. `80` आणि `C0` नुसते कर्सर हलवतात. `60` मुळे पुढचा मजकूर पडद्याऐवजी त्या आकारांच्या मेमरीत जायला लागतो. आणि पडदा पुसणारा `01` कधी पोचतच नाही, त्याचा `1` पुढच्या कमांडच्या `8` ला चिकटतो आणि होतो `18`, म्हणजे सगळा मजकूर एक घर डावीकडे. माझ्यासमोर अक्षरशः हेच घडलं. खालची ओळ गेली, वरची नेहमीपेक्षा गडद झाली आणि जुना मजकूर तसाच राहिला. मामा म्हणत होते तो "जुनाच मजकूर" कुठून यायचा, ते त्या संध्याकाळी समजलं.

दहात चार-पाच वेळा का, याचंही उत्तर मिळालं. माझा प्रोग्राम आधी रिले ओढायचा आणि लगेच दोन्ही ओळी लिहायला घ्यायचा. कर्सरच्या कमांड धरून ३४ बाइट, म्हणजे ६८ निबल, दर निबलला २ मिलिसेकंद, मिळून सुमारे १३६ मिलिसेकंद. रिले आणि मग कॉन्टॅक्टर ओढला जाऊन मोटरचा झटका यायला त्याच्या आतलाच वेळ लागतो. म्हणजे झटका जवळपास नेहमीच लिहिणं चालू असताना यायचा. आणि लिहिताना निम्मा वेळ डिस्प्ले दुसऱ्या अर्ध्याच्या प्रतीक्षेत असतो, कारण मी दोन निबलच्या मध्येही तेवढंच थांबत होतो. मोटर बंद होताना असा झटका नाही, म्हणून तेव्हा काही बिघडत नव्हतं.

यावरचा उपाय त्या चिपच्या डेटाशीटमध्येच दिलेला आहे, आणि मी तो वर्षानुवर्षं पाहूनही त्याचं कारण समजून घेतलं नव्हतं. सुरुवातीला `3` हा एकटा निबल तीनदा पाठवायचा, मग `2`, आणि त्यानंतरच पूर्ण कमांड. तीनदाच का, ते तिन्ही स्थिती मांडल्या की कळतं.

डिस्प्ले आठ बिटांत असेल तर प्रत्येक `3` ही एक पूर्ण कमांड होते, "आठ बिटांत राहा", आणि तीन वेळा तेच सांगून काही बिघडत नाही. चार बिटांत जुळलेला असेल तर पहिले दोन `3` मिळून `33` होतात, म्हणजे "आठ बिटांत जा", आणि तिसरा तेच पुन्हा सांगतो. अर्धा बाइट लटकलेला असेल तर पहिला `3` त्या अर्ध्याला पूर्ण करतो. त्यातून कुठली तरी नको असलेली कमांड होते, तिला होऊ द्यायचं. मग दुसरा आणि तिसरा मिळून `33`. काहीही असो, तिसऱ्या `3` नंतर डिस्प्ले नक्की आठ बिटांत असतो. दोनच वेळा पाठवून तिसरी स्थिती सावरली नसती. त्यानंतरच्या `2` ने तो चार बिटांवर येतो, पण ओळी किती हे तेव्हा सांगता येत नाही, कारण तो बिट डी३ वर असतो आणि डी३ आपण जोडलेलीच नाही. म्हणून `0x28` पुढे स्वतंत्रपणे, दोन निबलमध्ये.

मधले डिलेही याच हिशोबाचे आहेत. पहिल्या `3` नंतर ४.१ मिलिसेकंदांहून जास्त थांबायचं, कारण लटकलेला अर्धा `0` असेल तर पूर्ण होणारी कमांड `03` असते, कर्सर घरी आणण्याची, आणि तिला १.५२ मिलिसेकंद लागतात. त्या वेळात पाठवलेला निबल डिस्प्ले ऐकेलच असं नाही. दुसऱ्या `3` नंतर १०० मायक्रोसेकंद पुरतात. सगळ्यात आधीची थांबण्याची वेळ पुरवठा ४.५ व्होल्टला पोचल्यापासून १५ मिलिसेकंद, आणि २.७ व्होल्टपासून धरली तर ४०. माझ्या पुरवठ्यात मोठा कपॅसिटर आहे, व्होल्टेज सावकाश चढतं, म्हणून मी ५० घेतले.

```c
static void nibble(uint8_t n)
{
    PORTD = (PORTD & 0x0F) | (n << 4);
    PORTB |= (1 << PB1);
    _delay_us(1);
    PORTB &= ~(1 << PB1);
    _delay_us(1);
}

static void cmd(uint8_t c)
{
    PORTB &= ~(1 << PB0);
    nibble(c >> 4);
    nibble(c & 0x0F);
    _delay_us(60);
}

void lcd_init(void)
{
    PORTB &= ~((1 << PB0) | (1 << PB1));
    _delay_ms(50);
    nibble(0x3); _delay_ms(5);
    nibble(0x3); _delay_us(150);
    nibble(0x3); _delay_us(150);
    nibble(0x2); _delay_us(150);
    cmd(0x28);
    cmd(0x08);
    cmd(0x01); _delay_ms(3);
    cmd(0x06);
    cmd(0x0C);
}
```

`PB0` वर आरएस आहे, `PB1` वर इनेबल. इनेबलचा पल्स पाच व्होल्टला २३० नॅनोसेकंद पुरतो, १ मायक्रोसेकंद म्हणजे भरपूर. दोन निबलच्या मध्ये लांब थांबायची गरजच नसते, थांबायचं ते पूर्ण बाइट गेल्यावर. माझ्या जुन्या कोडमधले मधले २ मिलिसेकंद अनावश्यक होते, आणि घसरणीला खिडकी त्यांनीच उघडून दिली होती. आता अर्धा बाइट लटकलेला राहतो तो जेमतेम काही मायक्रोसेकंद.

साध्या कमांडला डेटाशीट ३७ मायक्रोसेकंद सांगतं, मी ६० ठेवलेत. तो ३७ चा आकडा चिपच्या आतला ऑसिलेटर २७० किलोहर्ट्झवर चालतो असं धरून आहे, आणि तोच ऑसिलेटर १९० पर्यंत खाली असू शकतो असंही तिथेच लिहिलंय. १९० ला तीच कमांड सुमारे ५३ मायक्रोसेकंद घेते, आणि घरी आणण्याचे १.५२ मिलिसेकंद सुमारे २.१६ होतात. म्हणून पडदा पुसल्यावर २ नाही, ३. एम. जी. रोडवरून आणलेल्या दोन डिस्प्लेंपैकी एकाला मुद्दाम कमी वेळ देऊन पाहिला, तर पुसल्यानंतरचं पहिलं अक्षर गिळलं जायचं. नेमकं पहिलंच अक्षर गायब आणि बाकीची अक्षरं नीट दिसली, की `0x01` नंतरचा डिले वाढवावा.

आरडब्ल्यू ग्राउंडला असल्यामुळे डिस्प्लेला "झालं का" असं विचारता येत नाही, म्हणून हे सगळे डिले पाठ करूनच चालावं लागतं. आणि डिले खरे आहेत की नाही हे तपासायची वेळही आलीच. शेजारच्या बागेसाठी दुसरा बोर्ड केला तेव्हा तोच प्रोग्राम टाकला आणि पडद्यावर वरच्या ओळीत सोळा काळे चौकोन, खालची ओळ कोरी. याचा अर्थ डिस्प्लेला वीज मिळतेय, कॉन्ट्रास्टही आहे, पण सुरुवातीच्या कमांड पोचलेल्याच नाहीत. वायरिंग दोनदा तपासलं. मग एलईडी `_delay_ms(1000)` ने चमकवला तर तो सेकंदात आठ वेळा बदलत होता.

कारखान्यातून येणारा हा मायक्रोकंट्रोलर ८ मेगाहर्ट्झला आठने भागून १ मेगाहर्ट्झवर चालतो. पहिला बोर्ड तसाच होता आणि डिले मोजण्यासाठी प्रोग्रामला चिपचा वेग सांगणारं `F_CPU` मी १००००००च लिहिलं होतं. दुसऱ्या चिपची फ्यूज बिट नावाची सेटिंग बदलून मी ती ८ वर नेली, प्रोग्राम मात्र जुनाच. माझे ५० मिलिसेकंद झाले सव्वासहा, ५ झाले ०.६ आणि ३ चे ०.३७. डिस्प्ले जागा होण्याआधीच माझं सांगून झालं होतं. `F_CPU` बरोबर लिहिल्यावर चौकोन गेले. उलट चूक असती, चिप १ वर आणि `F_CPU` आठचं, तर डिले आठपट लांबले असते आणि डिस्प्ले नुसता संथ वाटला असता.

एक मर्यादा मात्र या उपायालाही आहे. हा क्रम घसरलेला निबल सावरतो, पण तो चालवला तरच. मोटरच्या झटक्याने इनेबलच्या वायरवर एखादा खोटा पल्स आला आणि मायक्रोकंट्रोलर रीसेट झालाच नाही, तर निबल तसाच घसरलेला राहणार. म्हणून रिले ओढल्यावर आता आधी अर्धा सेकंद थांबतो, डिस्प्लेला काहीच पाठवत नाही, मग `lcd_init()` पुन्हा बोलावतो आणि मगच ओळी लिहितो. पडदा क्षणभर कोरा होतो, बाकी काही नाही. जोडीला पाच व्होल्टच्या लाइनवर ४७० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर डिस्प्लेच्या जवळ लावला आणि केबल कॉन्टॅक्टरच्या वायरींपासून वेगळ्या पाइपातून घेतली.

नोव्हेंबरच्या एका रविवारी बागेत जाऊन नवा प्रोग्राम टाकला. मामा स्टार्टरपाशी उभे, मी डब्यापाशी. वीस वेळा मोटर चालू-बंद केली, दर वेळी मध्ये थोडी विश्रांती देऊन. एलईडी त्यात सात वेळा विझून पेटला, म्हणजे चिप सात वेळा रीसेट झाली. सातही वेळा पडदा कोरा झाला आणि `PUMP ON` परत आलं, खाली `VALVE 2  40 MIN`.

"झालं ना?" मामांनी तिकडून विचारलं.

"झालं. आता तिसरा व्हॉल्व्ह उघडून बघू."